आत्याचे दोन पासपोर्ट आणि दहा वर्षांचा प्रवास

नमस्कार मंडळी. मी बडोद्याहून बोलतोय, दांडिया बाजारातल्या आमच्या आत्याच्या घरून. आत्याची मुलगी कॅनडात असते. तिने आईच्या पीआरचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज भरायला घेतलाय आणि त्यात एक फॉर्म आहे, IMM 5562. गेल्या दहा वर्षांत तुम्ही कुठकुठल्या देशांत गेलात आणि कधीपासून कधीपर्यंत, ते सगळं त्यात लिहायचं असतं. सहलसुद्धा धरायची. आत्याचं म्हणणं, "अरे, मला कसं आठवणार?" म्हणून आम्ही आठवणीवर अवलंबून राहिलोच नाही.

(दोन्ही पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर)

हा जुना, कोपरा कापलेला. नवा पासपोर्ट आला की जुना रद्दीत टाकू नका, कारण शिक्के ह्याच्यातच आहेत.

सुरुवात परदेशी शिक्क्यांपासून करू नका. आधी फक्त भारताचे शिक्के घ्या. आपल्याकडे जाताना एक आणि परतताना एक असे दोन्ही शिक्के मारतात. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा निघताना शिक्का मारत नाहीत, त्यामुळे त्यांच्या शिक्क्यांवरून परतीची तारीख कळत नाही. वहीत तारखेप्रमाणे लिहीत जा: गेले, आले, गेले, आले. पानांच्या क्रमाने जाऊ नका. अधिकारी मोकळी जागा दिसेल तिथे शिक्का मारतो.

आता ही साखळी तपासा. 'गेले'नंतर लगेच पुन्हा 'गेले' आलं, तर मधला एक शिक्का आपल्या नजरेतून सुटलाय. आत्याच्या यादीत २०१६ च्या सिंगापूर सहलीचं 'आले' सापडेना. तासभर शोधलं. शेवटी तो शिक्का उलटा मारलेला निघाला, दुसऱ्या शिक्क्याच्या अर्धा खाली. पासपोर्ट खिडकीपाशी तिरका धरल्यावर तारीख वाचता आली.

खरी गुंतागुंत २०१८ च्या युरोप सहलीत होती. ते पान जवळून बघा.

(पान जवळून)

मुंबईचा जाण्याचा शिक्का १० मे. तिकिटावर ११ मे. आत्या घाबरली, म्हणाली काहीतरी चुकलंय. चुकलं काहीच नव्हतं. विमान रात्री १:४० चं होतं आणि इमिग्रेशन झालं बारा वाजायच्या आधी. पॅरिसचा शिक्काही ११ मे. फॉर्ममध्ये त्या देशात प्रवेश केल्याची तारीख हवी, म्हणून फ्रान्ससमोर ११ मे लिहिली. हाच नियम सगळ्या प्रवासांना लावायचा. एका ओळीत भारताची तारीख आणि दुसरीत तिकिटाची, असं करू नका.

त्या पॅरिसच्या शिक्क्यात वर्षाचा शेवटचा आकडा पुसट होता, सहा की आठ कळेना. अशा वेळी त्याच पासपोर्टमधला व्हिसा बघायचा. शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, स्टिकरवर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते छापलेलं असतं. तो मे २०१८ चा होता, म्हणजे आकडा आठच.

शेंगेनच्या शिक्क्यात वरच्या डाव्या कोपऱ्यात देशाचं अक्षर असतं आणि बाणावरून आत की बाहेर ते कळतं. आत्याचा आत येतानाचा फ्रान्सचा, बाहेर पडतानाचा इटलीचा, २१ मेचा. आणि मधे तीन दिवस स्वित्झर्लंडला होती, त्याचा एकही शिक्का नाही! शेंगेन देशांच्या आपसातल्या सीमेवर शिक्का मारतच नाहीत. तो देश फॉर्ममध्ये राहून जाणार होता. टूरवाल्यांनी दिलेला कार्यक्रम ईमेलमध्ये सापडला. तुम्हीही जीमेलमध्ये असं शोधा, सहलीच्या आधीचे चार-पाच महिने धरून:

```
itinerary after:2018/01/01 before:2018/06/30
```

बोर्डिंग पास मात्र जपून वापरा. बहुतेकांवर दिवस आणि महिना असतो, वर्ष नसतं. नुसत्या पासवरून वर्ष ठरवू नका, शिक्क्याशी जोडून बघा.

आणि नेपाळ! आत्या २०१९ ला मंडळाबरोबर गोरखपूर-सोनौलीमार्गे पशुपतिनाथला गेली होती. भारतीयांना तिथे पासपोर्ट लागत नाही, म्हणून शिक्का नाही, आणि म्हणून ती म्हणाली, "तो कुठे परदेश?" पण फॉर्मच्या हिशेबात नेपाळ हा वेगळा देशच आहे. तारीख काढायला फोनमधले मूळ फोटो उपयोगी पडतात. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत मूळ तारीख राहत नाही, तो तुमच्याकडे आला त्या दिवसाची दिसते. म्हणून मंडळातल्या ज्या काकूंनी फोटो काढले होते, त्यांचाच फोन मागितला. फोटोवरून जायचा दिवस पक्का झाला, परतीचा नाही झाला.

मग काय केलं? जवळची तारीख लिहिली आणि अर्जासोबत चार ओळींचं पत्र जोडलं: ही तारीख अंदाजे आहे, सीमेवर शिक्का मिळत नाही, जायची तारीख फोटोवरून घेतली आहे. अंदाज असेल तर तो अंदाज आहे असं लिहाच. माहिती दडवली किंवा खोटी दिली असं ठरलं, तर कॅनडा पाच वर्षं अर्ज करू देत नाही. पत्राची सही आत्याने काल केली, आता मुलगी ते अपलोड करतेय.