टीव्ही भिंतीवर चढण्याआधीचं पत्र

(कोल्हापुरातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, लक्ष्मीपुरीत टीव्ही दुरुस्तीच्या बाकड्यावर माझी बरीच वर्षं गेली. आज मी फक्त एका पत्राबद्दल बोलणार आहे. टीव्ही घरी आला, खोकं अजून बंद आहे, तेव्हा दुकानदाराला द्यायचं पत्र.

आमच्या शेजारच्या काकींची गोष्ट सांगतो. दसऱ्याच्या मुहूर्तावर त्यांनी ४३ इंची टीव्हीचं बिल केलं. मंगळवार पेठेतलं जुनं घर, पावसाळ्यात भिंतीला ओल आलेली, गिलावा नव्यानं करायचा होता. म्हणून नऊ दिवसांनी माल घरी मागवला. दुकानात तोंडी ठरलं होतं, "डेमो फुकट, दोन वर्षांची गॅरंटी." माल आला, पण डेमोला कुणी येईना. फोन केला की "उद्या माणूस पाठवतो" एवढंच उत्तर.

काकींनी एक पत्र लिहिलं आणि मला दाखवायला आणलं. त्यात मनस्ताप सगळा होता, पण बिल नंबर नव्हता, मॉडेल नव्हतं, सीरियल नंबर नव्हता. दुकानदाराला कंपनीकडे डेमोची मागणी नोंदवायची तर या तीन गोष्टी लागतात. त्या नसल्या की पत्र टेबलावरच पडून राहतं. मॉडेल आणि सीरियल नंबर खोक्यावरच्या स्टिकरवर असतात. खोकं न उघडता तिथूनच उतरवून घ्या आणि बिलावरच्या नंबराशी ताडून बघा. नंबर जुळत नसेल तर आधी तेच पत्रात लिहा, कारण पुढे वॉरंटीचा दावा त्याच नंबरावर चालतो.

खोकं आपण का उघडायचं नाही, तेही सांगतो. पॅनेल म्हणजे पातळ काच. वाहतुकीत कोपऱ्याला दाब बसला तर बाहेरून काही दिसत नाही. चालू केल्यावर मात्र रेघ दिसते, काळा डाग दिसतो किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी भेग दिसते. आपणच उघडून भिंतीवर टांगला आणि मग रेघ दिसली, तर माल आधीच फुटका होता की टांगताना फुटला, हे सिद्ध करणं आपल्याच गळ्यात येतं. आपटून किंवा दाबून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. आणि पॅनेल बदलायचं म्हटलं तर खर्च कधी कधी नव्या टीव्हीच्या किमतीजवळ जातो.

मग आम्ही दोघांनी बसून दुसरं पत्र लिहिलं. ते असं:

"प्रति, व्यवस्थापक.
विषय: नवीन टीव्हीची मोफत जोडणी व डेमो, तसेच वॉरंटीच्या अटी लेखी मिळणेबाबत.
महोदय, आपल्या दुकानातून बिल क्रमांक अमुक, दिनांक अमुक अन्वये ४३ इंची टीव्ही (मॉडेल अमुक, सीरियल नंबर अमुक) खरेदी केला. तो अमुक तारखेस घरपोच मिळाला. खोके अद्याप उघडलेले नाही. खरेदीच्या वेळी जोडणी व डेमो मोफत असल्याचे आपण सांगितले होते. तरी सात दिवसांच्या आत अधिकृत तंत्रज्ञ पाठवावा व भेटीची तारीख कळवावी. भिंतीवरील ब्रॅकेट, जादा वायर किंवा अन्य कशाचे पैसे लागणार असल्यास रक्कम आधी लेखी कळवावी.
तसेच पुढील बाबी आपल्या सही-शिक्क्यासह लेखी द्याव्यात. वॉरंटी कोणत्या तारखेपासून धरली जाईल? संपूर्ण संचाची मुदत किती, पॅनेलची किती, रिमोटची किती? आपण सांगितलेली दोन वर्षांची हमी कंपनीची आहे की दुकानाची? कोणते बिघाड वॉरंटीत येत नाहीत? दुरुस्तीसाठी कोणाशी संपर्क साधावा?
कळावे. आपली विश्वासू."

यातला "फुकट" हा शब्द नीट समजून घ्या. तंत्रज्ञाची भेट, टीव्ही जोडणं, चॅनेल आणि वायफाय लावून देणं, रिमोट समजावून सांगणं, एवढं सहसा मोफत असतं. ब्रॅकेट पुष्कळदा वेगळा विकत घ्यावा लागतो. माणूस भिंतीला भोकं पाडून झाल्यावर पैशांचं बोलतो, आणि मग दारात वाद होतो. म्हणून ते वाक्य पत्रात आधीच घातलं.

"दोन वर्षांची गॅरंटी" हा सगळ्यात नाजूक भाग. खोक्यातलं कार्ड कंपनीचं असतं. त्यावर एक वर्ष छापलेलं असेल आणि दुकानदार दोन म्हणत असेल, तर दुसरं वर्ष कुणाचं? कधी ते फक्त पॅनेलचं असतं, कधी पैसे भरून घ्यायच्या जादा वॉरंटीचं असतं, कधी नुसतंच बोलणं असतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, विक्रेत्यानं कंपनीहून वेगळी अशी स्पष्ट हमी स्वतः दिली असेल आणि माल त्या हमीप्रमाणे नसून नुकसान झालं, तर त्याच्यावरही जबाबदारी येऊ शकते. पण तशी हमी दिली होती हे दाखवायला कागद लागतो.

न येणाऱ्या बिघाडांची यादीही मागून घ्याच. व्होल्टेज वरखाली होऊन जळालेला बोर्ड, पाणी शिरलेला संच, हे सहसा बाहेर असतं. २०१९ च्या महापुरानंतर चिखल शिरलेले संच घेऊन लोक माझ्याकडे आले होते. वॉरंटी शिल्लक आहे म्हणून ते निर्धास्त होते. त्यांना नाही म्हणताना माझ्या जिवाला फार लागलं.

पत्राच्या दोन प्रती काढा. दुकानात स्वतः जा आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का, म्हणजे पोच घ्या. पोच द्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. सात दिवसांत काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथंही सुटलं नाही तर आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

काकींना तिथवर जावं लागलं नाही. पोच मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी तंत्रज्ञ आला. मी मुद्दाम थांबलो होतो. खोकं त्यानंच उघडलं. टांगायच्या आधी टीव्ही टेबलावर ठेवून चालू करायला लावला आणि पडद्यावर आधी पूर्ण पांढरं चित्र आणलं, मग काळं. पांढऱ्यावर डाव्या खालच्या कोपऱ्यात बोटभर उभी रेघ दिसली. तंत्रज्ञानं काम पूर्ण झाल्याचा ओटीपी मागितला. काकी म्हणाल्या, "आधी रेघ लिवा कागदावर, मग बघू." त्यानं जॉब शीटवर रेघेची नोंद केली, फोटो काढला, आणि काकींनी ती वाचून सही केली. ओटीपी दिला नाही, कारण तो दिला की काम पुरं झालं असं नोंदलं जातं.

आठवड्यानं संच बदलून आला. तोही आधी टेबलावर पाहिला, मगच भिंतीवर चढवला. सोबत दुकानाचं लेखी उत्तर होतं. त्यात लिहिलं होतं की संपूर्ण संचाला एक वर्ष, पॅनेलला दोन, मुदत बिलाच्या तारखेपासून, आणि बदललेल्या संचालाही तीच मुदत. म्हणजे गिलाव्यापायी आणि बदलीपायी गेलेले दिवस काकींना परत मिळाले नाहीत. त्या खट्टू झाल्या, पण दोन वर्षं नेमकी कशाची, हे आता कागदावर होतं. बदललेल्या संचाचा नवा सीरियल नंबर बिलावर घालून त्यावर दुकानाचा शिक्का घ्यायला मी त्यांना परत पाठवलं, आणि त्या त्याच संध्याकाळी जाऊन घेऊन आल्या.