मुलाखतीतून प्रश्नावलीकडे

श्रोतेहो, नमस्कार. मुंबईतील एखाद्या वस्तीत पाणीटंचाईचा अभ्यास करायचा, तर पहिल्या फेरीतील अर्धसंरचित, म्हणजे विषय ठरलेले पण उत्तर मोकळे असलेल्या, मुलाखतींत आपण साधारण असे विचारतो: “काल पाणी भरण्यापासून दिवसभर काय काय झाले, ते सांगा.” पुढे शेकडो घरांना विचारण्यासाठी मुलाखतीतील अशा प्रश्नांच्या यादीतून, म्हणजे मार्गदर्शिकेतून, ठरावीक पर्यायांचे, म्हणजे बंदिस्त, प्रश्न तयार करावे लागतात. ते कसे करावेत, हे आज एका उत्तराच्या आधारे पाहू.

समजा, एक गृहिणी म्हणाली, “पाणी पुरतं हो. काल उशिरा आलं, म्हणून शेजारच्या ताईंकडून दोन कळशा आणल्या आणि कपडे उद्यावर टाकले.” प्रश्नावलीत “पाणी पुरेसे मिळते का?” एवढेच विचारले असते, तर या बाईंच्या घरावर ‘होय’ची खूण झाली असती, कारण पाणी कमी पडले की कामे मागे टाकायची, याची सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की ती त्यांना टंचाई वाटतच नाही. म्हणून मत न विचारता घडलेली गोष्ट विचारावी आणि तिला मुदत घालावी: “गेल्या 7 दिवसांत पाणी कमी पडल्यामुळे कपडे धुणे पुढे ढकलावे लागले का?” वेळ, उसने पाणी आणि ढकललेले काम या तिन्हींना स्वतंत्र प्रश्न हवेत. “पाणी उशिरा किंवा कमी आले का?” अशा जोडप्रश्नाला मिळालेले ‘होय’ नेमके कशाला होते, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

पर्याय मुलाखतींतूनच घ्यावेत, पण कोणता पर्याय किती जणांनी सांगितला, हे तिथे मोजू नये. टँकरचा उल्लेख एकाच घरात झाला असला, तरी तो यादीत असावा. किती घरे टँकर घेतात, हे सर्वेक्षणच सांगेल. पाणी कुठून मिळते, याची लांबलचक यादी एका दमात वाचून “यांपैकी कोणकोणते?” असे विचारले, तर ऐकणारा एकदोन नावे घेऊन थांबतो. म्हणून शेजारी, टँकर, विकतचे पाणी असा एकेक मार्ग वाचून प्रत्येकाला होय-नाही घ्यावे. वेळ अधिक लागतो, हे खरे. पण माझ्या मते तो द्यावाच.

यानंतर मोजक्या घरांत पूर्वचाचणी घ्यावी आणि उत्तर मिळाल्यावर “हे सांगताना तुमच्या मनात काय होते?” असे विचारावे. “पाणी किती वाजता येते?” या प्रश्नावर चाळीतला माणूस नळाची वेळ सांगतो, तर इमारतीतला टाकीतून पाणी सोडण्याची, त्यामुळे हा प्रश्न दोघांसाठी वेगळा लिहावा लागतो. ‘इतर’ या पर्यायाशेजारी रिकामी ओळ ठेवावी. तिथे तेच ते उत्तर वारंवार येऊ लागले, तर यादीतून एक पर्याय सुटला आहे असे समजावे आणि मुख्य सर्वेक्षणापूर्वी तो घालावा.

शेजारणीकडे पाणी मागताना वाटणारा संकोच मात्र चार पर्यायांत बसवू नये. तो प्रश्न मुलाखतीसाठीच राखून ठेवावा.