हळद किती आणि दावा केवढा?
(इंदूरमधील मराठी लघुउद्योजकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

आपल्यापैकी अनेकजण घरगुती पातळीवरून पुढे आलेले आहात. क्रीम चांगलं बनतं, वासही छान येतो. अडचण सुरू होते ती डबीवर दोन ओळी लिहायला बसल्यावर. आज त्या दोन ओळींबद्दलच बोलू, आणि एकच डबी समोर ठेवू: हळद आणि कडुलिंबाची क्रीम.

शंभर ग्रॅमचा घाणा धरा. त्यात पाणी 72 ग्रॅम, तिळाचं तेल 14, इमल्सिफाइंग वॅक्स 6, ग्लिसरीन 4, कडुलिंबाचं तेल 2, प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून फेनॉक्सीइथेनॉल 0.9, व्हिटॅमिन ई 0.5, सुगंध 0.5 आणि हळदीचा अर्क 0.1. अशा क्रीमच्या डबीवर सहसा काय लिहिलेलं असतं? ‘हळदीच्या औषधी शक्तीने मुरुम मुळापासून जातात, डाग नाहीसे होतात. शंभर टक्के केमिकल-फ्री.’

हळदीवर प्रयोगशाळांमध्ये पुष्कळ काम झालेलं आहे, ते नाकारण्याचं कारण नाही. पण ते काम कर्क्युमिनवर, ठरावीक मात्रेत, बहुधा पेशींवर किंवा वेगळ्याच औषधी तयारीत झालेलं असतं. आपल्या डबीत अर्क आहे 0.1 ग्रॅम, त्यातलं कर्क्युमिन त्याहून कमी, आणि ते त्वचेत किती उतरतं ते आपण मोजलेलंच नाही. घटकाची कीर्ती उत्पादनाच्या नावावर चढवायची, ही या धंद्यातली सगळ्यात रुळलेली चूक आहे. ती खोटं बोलण्याच्या इराद्याने क्वचितच होते. म्हणूनच ती लवकर लक्षात येत नाही.

घटकांची यादीही इथे फसवू शकते. एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, पण एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. त्यामुळे हळदीचा अर्क कडुलिंबाच्या लगेच खाली आणणं नियमाला धरूनच आहे. त्याच्या जोरावर ‘हळदीने समृद्ध’ म्हणणं मात्र दिशाभूल आहे. ग्राहकाला हळदीची क्रीम पिवळी दिसायला हवी असते, म्हणून काहीजण पिवळा रंग घालतात. कर्क्युमिन उजेडात फिकं पडतं, हे पाहता काळी किंवा गडद डबी वापरा आणि ‘रंग थोडा उतरू शकतो’ असं स्पष्ट लिहा.

‘केमिकल-फ्री’ तर पहिल्याच ओळीतून काढा. 72 ग्रॅम पाणी असलेल्या क्रीममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह नसेल तर जिवाणू आणि बुरशी वाढते, आणि डोळ्यांना दिसण्याआधीच वाढलेली असते. त्यापेक्षा ‘प्रिझर्व्हेटिव्ह घातलं आहे, कारण यात पाणी आहे’ हे वाक्य ग्राहकाला खरी माहिती देतं.

आता कायदा, थोडक्यात. 1940 च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यात सौंदर्यप्रसाधन म्हणजे स्वच्छ करणारं, सुशोभित करणारं किंवा रूप बदलणारं उत्पादन. मुरुम बरे करतो म्हटलं की आपण औषधाच्या हद्दीत शिरतो, आणि सौंदर्यप्रसाधनाचा परवाना तिथे चालत नाही. आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचं असेल तर त्याचा परवाना वेगळा. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत.

मग लिहायचं काय? ज्याचं काम खरोखर मोठं आहे त्याच्याबद्दल लिहा. या क्रीममध्ये ते काम ग्लिसरीन आणि तेल करतात: ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं, तेल तो लवकर उडू देत नाही. ‘कोरड्या त्वचेला मऊपणा देणारी क्रीम. तिळाचं तेल 14 टक्के, कडुलिंबाचं तेल 2 टक्के, हळदीचा अर्क 0.1 टक्के. कडुलिंबाचा वास थोडा जाणवेल.’ बस. कडुलिंबाचं तेल सियागंजातल्या घाऊक दुकानातून घेतलं असेल तर ‘आमच्या शेतातल्या झाडांचं’ म्हणू नका. कुठल्या बॅचचं, केव्हा घेतलं, ते मात्र वहीत नोंदवा; कुणी विचारलं तर दाखवता यायला हवं.

‘त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासलेलं’ या शब्दांनाही मर्यादा आहे. पॅच टेस्टमध्ये क्रीम त्वचेवर ठेवून जळजळ किंवा लाली येते का ते पाहतात. त्यातून गुण येतो हे सिद्ध होत नाही. तीस जणींनी चार आठवडे क्रीम वापरून त्यातल्या पंचवीस जणींना त्वचा मऊ वाटली, तर तेवढंच लिहा, ‘वाटली’ या शब्दासकट.

शेवटचा मुद्दा ग्राहकांच्या अभिप्रायांचा. ‘माझा इसब गेला’ असं एखाद्या ताईंनी प्रेमाने लिहिलं तर त्यांचे मनापासून आभार माना, पण तो मजकूर आपल्या पानावर लावू नका. लावला की तो दावा त्यांचा राहत नाही, आपला होतो. त्यांना उत्तरात एवढंच लिहा: ‘क्रीम आवडली, आनंद झाला. ही क्रीम इसबावरचं औषध नाही, तेव्हा डॉक्टरांनी दिलेलं औषध त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका.’