सप्टेंबरपर्यंत कापायचंच

वेर्णा औद्योगिक वसाहतीतलं एक छोटं वर्कशॉप. चौदा माणसं. पगार काढणारी मुलगी फोंड्याहून बसने येते. तिच्या टेबलामागे भिंतीवर पेरोल आणि कामगार कायद्याच्या कोर्सचं प्रमाणपत्र आहे. पगार काढायला असं प्रमाणपत्र कायद्याने लागत नाही, पण मुलाखतीत ते बघतात. परीक्षेत तिला ईएसआयचे, म्हणजे कामगार विमा योजनेचे दर विचारले होते: कामगाराकडून पाऊण टक्का, मालकाकडून सव्वातीन टक्के, महिन्याच्या पगाराची मर्यादा 21,000 रुपये. तिची सगळी उत्तरं बरोबर होती.

जुलैत लेथवरच्या एका कामगाराचा पगार 20,400 वरून 22,500 झाला. मर्यादा ओलांडली, म्हणून तिने कपात थांबवली. चूक इथेच झाली.

ईएसआयचं वर्ष दोन सहामाह्यांत चालतं, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. सहामाही सुरू होताना जो योजनेत असतो, तो मध्येच पगार वाढला तरी ती संपेपर्यंत योजनेतच राहतो. कपातही पूर्ण 22,500 वर होते. कामगाराचे 169, मालकाचे 732, महिन्याला 901 रुपये.

ईएसआयच्या पोर्टलने तिला इशारा दिला होता. नाव वगळण्यासाठीचं `Out of Coverage` हे कारण फक्त एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये लागू पडतं. जुलैत ते निवडलं तरी नाव यादीतून जात नाही. मग तिने दिवस शून्य भरले आणि कारण दिलं, रजा. (घाईत असं करणारी ती एकटीच नसेल.) हजेरीपटावर 26 दिवस आणि चलनाच्या यादीत रजा, हे दोन कागद शेजारी ठेवले असते तर चूक लगेच दिसली असती.

फेब्रुवारीत तो कामगार आजारी पडला. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधला आजारपणाचा भत्ता ठरतो आणि त्यासाठी किमान 78 दिवसांची वर्गणी लागते. जूनभर तो शेतीसाठी दोडामार्गला, बिनपगारी. एप्रिल आणि मे मिळून भरले 61 दिवस. जुलै ते सप्टेंबर शून्य. भत्ता अडला.

आता तीन महिन्यांचं पुरवणी चलन भरायचं, 2,703 रुपये आणि वर वार्षिक 12 टक्के व्याज. कामगाराचे महिन्याचे 169 सुद्धा कंपनीलाच सोसावे लागतात, कारण पगार पूर्ण हातात दिल्यावर मागची वर्गणी त्याच्याकडून वसूल करता येत नाही.

कोर्स निवडणाऱ्याने फी विचारण्याआधी एकच विचारावं: जुलैत पगार वाढलेल्या माणसाचं चलन आमच्याकडून भरून घेणार का? तिच्या कोर्समध्ये पोर्टल फक्त पडद्यावर दाखवलं होतं.