खांदेपालट

देसाईगंज-वडसा इथे ग्रामसभांच्या परिषदा भरवणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.

मंडळी, विषय पत्रिकेवर छापला आहे, "दिवसभराच्या परिषदेला दुभाषी किती लागतात?" उत्तर एका आकड्यात देता येतं. पण तो आकडा ऐकला की संयोजक "बाप रे, इतके?" म्हणतो आणि त्यातले निम्मे कापतो. म्हणून आधी हे कापणं का अंगाशी येतं ते सांगतो, हिशेब शेवटी करू. वेळ राहील असं धरून चालतो.

तुम्ही झाडीपट्टीची माणसं. रात्रभर चालणारं नाटक तुम्हाला नवं नाही. त्यात एखादं पात्र पहिल्या प्रवेशापासून पहाटेपर्यंत सलग स्टेजवर असतं का? नसतं. आत जातं, चहा घेतं, पुन्हा येतं. दुभाष्याला मात्र आपण सकाळी दहाला बूथमध्ये बसवतो आणि पाचला बाहेर काढतो. तो बसलेलाच तर आहे, त्याला काय श्रम, असं आपलं म्हणणं.

तो काय करतो ते एकदा जवळून पाहा. वक्ता बोलतो आहे आणि हा त्याच्या दोनचार सेकंद मागे आहे. म्हणजे आता तोंडातून निघतंय ते मागचं वाक्य, आणि त्याच क्षणी कानात पुढचं शिरतंय. वर स्वतःचं बोलणंही अर्ध्या कानाने ऐकावं लागतं, ते बरोबर चाललंय का म्हणून. त्यात आकडा आला की बघा. आपण "पंच्याऐंशी" म्हणतो तेव्हा पाच आधी येतात, ऐंशी नंतर. इंग्रजीत ऐंशी आधी. म्हणजे इंग्रजी करणाऱ्याला आकडा पूर्ण होईपर्यंत तोंड मिटून थांबावं लागतं, आणि तेवढ्यात वक्ता तेंदूपत्त्याच्या गोणीच्या दरावरून थकलेल्या बोनसवर पोचलेला असतो. म्हणून थकव्याची पहिली खूण आकड्यात दिसते. "चार हजार दोनशे पंच्याऐंशी"चं आधी "चार हजारांच्या वर" होतं, मग नुसतं "काही हजार". दुसरी खूण अशी की वाक्यं सुरू होतात पण संपत नाहीत. तिसरी, माणूस वक्त्याच्या फार मागे पडतो आणि मग एकदम उडी मारून त्याला गाठतो. त्या उडीत एक अख्खा मुद्दा खाली पडतो, आणि ऐकणाऱ्याला तो पडल्याचं कळतही नाही.

हे किती वेळाने होतं? जिनिव्हात संशोधकांनी दुभाष्यांना नेहमीपेक्षा लांब पाळ्या देऊन पाहिलं, 1998 साली ते प्रसिद्ध झालं. प्रयोग छोटाच होता. पण अर्ध्या तासाच्या पुढे अर्थाच्या चुका वाढत गेल्या, आणि आपल्या कामाची गोष्ट अशी की ज्यांच्या चुका होत होत्या त्यांना आपलं काम घसरल्याचं जाणवत नव्हतं. म्हणून "थकलात तर सांगा हं" या प्रेमळ वाक्याचा काही उपयोग नाही. तो सांगणार नाही, कारण त्याला ठाऊकच नसतं. पाळी घड्याळाने बदलायची, माणसाच्या मर्जीने नाही.

आता माझी आवडती गोष्ट. न्यूरेंबर्गचा खटला, नोव्हेंबर 1945 ते ऑक्टोबर 1946. इंग्रजी, फ्रेंच, रशियन, जर्मन अशा चार भाषा, आणि सगळं एकाच वेळी कानावर पडायला हवं. यांनी बाराबाराच्या तीन तुकड्या केल्या. प्रत्येक भाषेच्या मेजावर तिघे, एकूण बारा. एक तुकडी कोर्टात काम करते, दुसरी शेजारच्या खोलीत बसून कामकाज ऐकत राहते, म्हणजे आत आल्यावर कोण बोलतंय आणि कोणता शब्द चाललाय हे विचारायला नको. तिसऱ्या तुकडीला त्या दिवशी सुट्टी. कोर्टातली पाळी 85 मिनिटांची. वक्ता फार वेगाने बोलायला लागला की पिवळा दिवा लागायचा, हळू बोला. लाल दिवा लागला की थांबाच. आपल्याकडे पुढाऱ्यापुढे लाल दिवा कोण लावेल हा वेगळा प्रश्न. लाल दिवा गाडीवर लावायची वस्तू, असंच पुष्कळ वर्षं चाललं ना! (हशा)

हे सांगितलं की कोणीतरी हुशार माणूस उठतो आणि म्हणतो, "बघा, ते 85 मिनिटं बसायचे, तुम्ही वीस मिनिटांत थकता." थांबा. एका मेजावर तिघे का होते? इंग्रजीच्या मेजावर एक जर्मनमधून इंग्रजी करणारा, एक फ्रेंचमधून, एक रशियनमधून. साक्षीदार जर्मन बोलत असेल तेव्हा पहिला बोलतो, बाकीचे दोघे गप्प. म्हणजे 85 मिनिटं तुकडीची, एका घशाची नाहीत. आणि आरोपी सगळे जर्मन बोलणारे, त्यामुळे जर्मनमधून करणाऱ्याच्या वाट्याला जास्त भार यायचा, शेजारी मात्र मोकळा बसलेला. भार वाटायचा असेल तर नुसती डोकी मोजून चालत नाही, कोणती भाषा किती वेळ बोलली जाणार हे मोजावं लागतं. न्यूरेंबर्गमधून एवढी एक गोष्ट घरी न्या.

आज संयुक्त राष्ट्रांत सहा भाषा आहेत. तिथे इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश या बूथमध्ये दोघेदोघे बसतात, आणि अरबी व चिनी बूथमध्ये तिघेतिघे. का? पहिले चार फक्त आपल्या भाषेत आणतात. अरबी आणि चिनीवाले दोन्हीकडे जातात, आणतातही आणि नेतातही. त्यांना कोणीही बोललं तरी सुटका नाही, म्हणून तिसरा माणूस. तीन तासांच्या बैठकीला असे 14 जण.

आता पाळी बदलतात कशी? दोघं शेजारीशेजारी. एकाचा माईक चालू, दुसऱ्याचा बंद. बंद माईकवाला आराम करत नसतो, समोरच्या कागदावर ठळक अक्षरांत आकडे, गावांची नावं, कलमांचे नंबर लिहून देत असतो. पाळी संपायच्या दोनतीन मिनिटं आधी तो कान पूर्ण देऊन वक्त्याची चाल पकडतो. वीस मिनिटं झाली की पहिला बोट दाखवतो, वाक्य संपवतो, आपला माईक बंद करतो आणि दुसरा त्याच श्वासात आपला चालू करतो. वाक्याच्या मधे बदल नको, आणि कोट्यवधी रुपयांच्या यादीच्या मधे तर मुळीच नको. तिरडीचा खांदा बदलताना जसं तिरडी खाली टेकत नाही, तसं हे. गडबड होते ती सौजन्यामुळे. "यांचं भाषण संपू द्या, मग घेतो," असं पहिला म्हणतो, भाषण पन्नास मिनिटं चालतं आणि शेवटची वीस मिनिटं मातीत जातात. वक्ता छापील कागद भराभरा वाचत असेल तर पाळी उलट पंधरा मिनिटांवर आणायची.

आणखी एक दुखणं, जेवणाचं. "चला ना, पाहुण्यांसोबत बसा, तेवढंच बोलणं होईल." तेवढंच म्हणजे पाऊण तास वरण-भात बाजूला ठेवून दुभाषीपणा. तिथे त्याची दुपारची ताकद संपते आणि तीन वाजता...

(संयोजकांकडून चिठ्ठी येते.)

दहा मिनिटं? बरं. हिशेब आता चटकन करू.

तुमचीच परिषद घेतो, सामूहिक वनहक्काची. सकाळी दहा ते एक, दुपारी दोन ते पाच. दोन्हीकडे मधे पंधरा मिनिटं चहा. म्हणजे माईक चालू राहणार साडेपाच तास, 330 मिनिटं. भाषा मराठी आणि गोंडी, शिवाय दोन इंग्रजी पाहुणे, ज्यांना दोन्ही येत नाहीत.

पहिली चूक अशी होते की पाहुणे बोलणार चाळीस मिनिटं, मग इंग्रजीला चाळीस मिनिटांचाच माणूस. पण ते दिवसभर ऐकणार आहेत. मोजायचं ते ऐकणाऱ्यावरून, बोलणाऱ्यावरून नाही. भाषण करून ते नागपूरला परत जाणार असतील तर गोष्ट वेगळी, मग अर्ध्या दिवसाची जोडी पुरते.

गोंडी बूथ घ्या. कोणी मराठी बोललं की गोंडीत न्यायचं, गोंडी बोललं की मराठीत आणायचं. पाहुणा इंग्रजी बोलला तर इंग्रजी बूथ त्याची मराठी करतो आणि गोंडीवाले ती मराठी ऐकून गोंडी करतात, याला रिले म्हणतात. थोडक्यात गोंडी बूथ एक मिनिटही रिकामा नाही आणि काम दोन्ही दिशांचं. वीस मिनिटांच्या पाळीने 330 मिनिटांच्या सतरा पाळ्या होतात. दोघांत वाटल्या तर प्रत्येकी पावणेतीन तास बोलणं, आणि उरलेला वेळ शेजारी लिहून देण्यात, सुटका नाहीच. तिघांत वाटल्या तर कोणाला सहा, कोणाला पाच, आणि दर तासाला वीस मिनिटं बूथच्या बाहेर खरी मोकळी. तेव्हा गोंडीला तीन.

इंग्रजी बूथ जवळपास सगळा दिवस मराठीतून इंग्रजी एवढंच करणार. गोंडी चालू असताना तो मराठीचा रिले ऐकेल. एका दिशेचं काम, अर्ध्या तासाच्या पाळ्या, तेव्हा दोघे पुरतील. ऐकणारे दोघेच आहेत म्हणून बूथ न लावता शेजारी बसून कानात बोलायला लावलंत तर बूथचं भाडं वाचेल, माणूस वाचणार नाही. तिथेही दोघेच लागतात, आणि कुजबुजून घसा लवकर बसतो.

तीन अधिक दोन, पाच. शिवाय गोंडीचा एक जादा माणूस फोनवर तयार ठेवा. इंग्रजीवाला आजारी पडला तर नागपूरहून दुसरा येईल, गोंडीचा येणार नाही. आणि तो याच भागातली गोंडी बोलणारा हवा, लांबच्या भागातली असली तर समोरची मंडळी हेडफोन काढून ठेवतात.

राहिले गट. दुपारी तीन गट तीन खोल्यांत बसवणार असाल तर हा पाचचा हिशेब कोसळतो, कारण प्रत्येक खोलीला तासदीड तासाकरताही गोंडीचे दोघे लागतील, म्हणजे सहा. त्यापेक्षा एक गट सगळा गोंडीत चालू द्या, एक सगळा मराठीत आणि एकच मिश्र ठेवा. पाहुणे मिश्र गटात बसतील आणि पाचही दुभाषी त्या एका खोलीत.

दुपारच्या जेवणाला या पाच जणांचं ताट वेगळ्या खोलीत लावा, पाहुण्यांपासून लांब. आणि बूथ उन्हाच्या बाजूच्या भिंतीला लावू नका. बंद पेटीत दोन माणसं बसली की उन्हाळ्यात तिथे काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पंखा लावाल, पण त्याचा आवाज माईकमध्ये जातो, म्हणून आदल्या दिवशी हेडफोन लावून पंखा चालू ठेवून ऐकून बघा. जनरेटरचंही तसंच, तो त्या भिंतीमागे नको. बसा, प्रश्न घेतो.