जागेपणीही साठून राहणारा कार्बन डायऑक्साइड

माणूस घोरतो, झोपेत त्याचा श्वास अडकतो, दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते, एवढं ऐकलं की आपण ‘स्लीप ॲप्निया’ म्हणून मोकळे होतो. वजन फार असलेल्या माणसाच्या बाबतीत तेवढ्यावर थांबू नका, असं मला आज कळकळीनं सांगायचं आहे.

माझ्याकडे 52 वर्षांच्या एक बाई आल्या. उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा बीएमआय 44. दोन वर्षं दम्याचे पंप घेत होत्या, पण फरक नव्हता. सकाळी डोकं जड, पायांना सूज, आणि बोलता बोलता डोळे मिटायचे. जाग्या असताना बोटावरच्या यंत्रावर ऑक्सिजन 89 टक्के दिसला. तिथंच मी थबकलो. नुसत्या स्लीप ॲप्नियात, फुप्फुसं चांगली असतील तर, जागेपणी ऑक्सिजन सहसा ठीक असतो. मग जुने रिपोर्ट चाळले. शिरेतल्या रक्ताच्या साध्या तपासणीत बायकार्बोनेट 33 होतं. 27 किंवा त्याहून जास्त दिसलं की शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत असल्याची शंका घ्यायची असते. आकडा कागदावर होता, पण त्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. धमनीतल्या रक्तात कार्बन डायऑक्साइड 60 निघाला. तो 45 च्या आत हवा. लठ्ठपणामुळे श्वास असा अपुरा पडण्याला ओबेसिटी हायपोव्हेंटिलेशन सिंड्रोम म्हणतात. अर्थात, फुप्फुसांचा, स्नायूंचा किंवा थायरॉइडचा आजार हे कारण नाही ना, हे आधी पाहावं लागतं.

फरक कुठे पडतो? स्लीप ॲप्नियात श्वास थांबतो, मग माणूस दचकून चार मोठे श्वास घेतो आणि साठलेला वायू बाहेर टाकतो. सकाळी हिशोब चुकता झालेला असतो. या बाईंचा तो होत नव्हता. छाती-पोटावरच्या भारामुळे प्रत्येक श्वासाला जास्त कष्ट पडत होते, आणि मेंदूही पुरेसा जोर लावत नव्हता. रोज थोडा वायू मागे उरतो. रक्त आम्ल होऊ नये म्हणून मूत्रपिंडं बायकार्बोनेट धरून ठेवतात. त्यामुळे रक्ताची आम्लता सावरते, पण मेंदूला धोक्याचा इशाराच मिळत नाही आणि श्वास आणखी मंदावतो. या आजाराच्या बहुतेक रुग्णांना स्लीप ॲप्निया असतोच, साधारण दहातल्या एकाला नसतो. म्हणूनच निदान चुकतं.

पुढे छातीत संसर्ग होऊन त्या एका रुग्णालयात गेल्या. तिथं मास्कनं भरपूर ऑक्सिजन लावला. बोटावरचा आकडा 98 झाला, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि बाई मात्र गुंगीत जाऊ लागल्या. कार्बन डायऑक्साइड 78 वर गेला होता. अशा रुग्णाला ऑक्सिजन मोजूनच द्यायचा, 88 ते 92 टक्क्यांच्या बेतानं, आणि सोबत मास्कमधून श्वासाला जोर देणारं बायपॅप मशीन लावायचं. तेच केलं. दुसऱ्या दिवशी त्या नीट बोलू लागल्या.

घरी जाताना बायपॅप सोबतच दिलं. झोपेची तपासणी नंतर, तीन महिन्यांच्या आत करायची असते; तिच्यासाठी मशीन अडवून ठेवायचं नाही. तब्येत स्थिर असेल आणि तीव्र स्लीप ॲप्निया असेल, तर बहुतेकांना एकाच दाबानं हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं साधं सीपॅपही पुरतं. या बाईंनाही सहा महिन्यांनी त्यावर आणता आलं. तेव्हा जागेपणीचा कार्बन डायऑक्साइड 46 होता.