तीन तिरप्या रेघांत इंटिग्रेशन बाय पार्ट्स

[पडद्यावर: ∫ x² e^(−3x) dx]

निवेदन:
हे इंटिग्रल नेहमीच्या पद्धतीने करायचं, तर इंटिग्रेशन बाय पार्ट्सचं सूत्र दोनदा लावावं लागतं. दुसऱ्या वेळी कंसाबाहेर एक उणे चिन्ह उभं असतं, आत आणखी एक, आणि नेमकं तिथेच उत्तर बिघडतं. तेच काम तक्त्यात मांडून बघू.

एका रकान्यात x² लिहायचं आणि शून्य येईपर्यंत त्याचं डेरिव्हेटिव्ह घेत खाली यायचं. शेजारच्या रकान्यात e^(−3x), आणि तितक्याच ओळी त्याचं इंटिग्रेशन. डावीकडे चिन्हं आलटून पालटून, सुरुवात अधिकने.

```
चिन्ह   डेरिव्हेटिव्ह    इंटिग्रेशन
 +       x²           e^(−3x)
 −       2x          −e^(−3x)/3
 +       2            e^(−3x)/9
         0           −e^(−3x)/27
```

[पडद्यावर: तिरप्या रेघा एकेक करून उमटतात]

आता गुणाकार तिरका करायचा. x² चा जोडीदार त्याच्या शेजारचा नाही, एक ओळ खालचा. 2x चाही तसाच, 2 चाही तसाच. चिन्ह मात्र ज्या ओळीतून रेघ निघते, त्या ओळीचं.

इथे जरा थांबू या. तिसऱ्या रकान्यातली उणे चिन्हं −3 ने भागल्यामुळे आली आहेत. पहिल्या रकान्यातली चिन्हं बाय पार्ट्सच्या सूत्रातून येतात. दोन्ही वेगळी, आणि दोन्ही लागतात. घाईत एकच चिन्ह धरलं की मधलं पद उलटं होतं. नीट गुणलं तर तिन्ही पदं उणे येतात:

[पडद्यावर: −(e^(−3x)/27)(9x² + 6x + 2) + C]

शून्यापाशी थांबायचं ते का? सूत्र प्रत्येक वेळी लावलं की एक पद सुटतं आणि एक नवं इंटिग्रल मागे उरतं. ते उरलेलं इंटिग्रल म्हणजे पुढच्या ओळीचा आडवा गुणाकार, त्या ओळीच्या चिन्हासकट. शेवटच्या ओळीत शून्य आलं, की आडवा गुणाकारही शून्य, म्हणजे इंटिग्रेट करायला काही शिल्लकच नाही. बहुपदी कितीही मोठी असली तरी डेरिव्हेटिव्ह घेत घेत कधीतरी शून्य होते. म्हणून बहुपदी डेरिव्हेटिव्हच्या रकान्यातच हवी. रकाने उलटे केले तर x चा घात वाढत जातो आणि तक्ता संपत नाही.

आता पडताळा. उत्तराचं डेरिव्हेटिव्ह घ्या. बाहेरचा −e^(−3x)/27 तसाच ठेवला, तर कंसात हे येतं:

[पडद्यावर: −27x² − 18x − 6 + 18x + 6]

18x कटले, 6 कटले, −27x² उरलं, आणि बाहेरच्या गुणकाने गुणल्यावर मूळचं x² e^(−3x) परत मिळालं. मधलं चिन्ह चुकून 9x² − 6x + 2 लिहिलं असतं, तर काहीच कटलं नसतं. कंसात −27x² च्या जोडीला 36x आणि −12 उरले असते.